रजेच्या मेलमध्ये किती सांगायचं?

*मी ४१ वर्षांची, पुण्यात एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. फायब्रॉइडच्या गाठींमुळे दुर्बिणीतून गर्भाशय काढायचं ठरलंय. डॉक्टरांनी पाच आठवडे विश्रांती सांगितली आहे. माझा मॅनेजर बत्तीस वर्षांचा, स्वभावाने चांगला मुलगा आहे. पण त्याला हे लिहायला बसले की हात थांबतो. तो मेल पुढे डिलिव्हरी हेडला आणि एचआरला पाठवणार, हे मला माहीत आहे. काहीच नाही सांगितलं तर ‘पाच आठवडे कशाला?’ असं वाटेल. नणंद म्हणते, अपेंडिक्स लिहून टाक. मैत्रीण म्हणते, सगळे रिपोर्टच जोड, म्हणजे शंकेला जागा नाही. मी नेमकं काय आणि किती लिहू?*

नमस्कार,

नणंद आणि मैत्रीण दोघींचा सल्ला उलटसुलट दिसतो, पण दोघींनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. मॅनेजरला तुमच्या आजाराची खात्री पटली तरच रजा मिळेल, असं दोघींनाही वाटतं. एक खोटं कारण देऊन ती खात्री पटवू पाहते, दुसरी कागद दाखवून. तुमचा मेल अडकलाय तो इथेच. आजार खरा आहे की नाही हे ठरवणं मॅनेजरचं काम नाही. ते डॉक्टर ठरवतात, प्रमाणपत्रावर लिहून सही करतात आणि एचआर ते नोंदवून घेतं. मॅनेजरला ठरवायचं असतं ते वेगळंच: तुम्ही किती दिवस नसाल, तुमचं काम कोण बघेल, परतल्यावर लगेच पूर्ण काम करू शकाल का. या प्रश्नांची उत्तरं निदान न सांगताही पूर्ण देता येतात. उलट निदान सांगून टाकलं म्हणून ती आपोआप मिळतही नाहीत.

‘पाच आठवडे कशाला’ ही शंका बहुतेक वेळा निदान न कळल्यामुळे येत नाही. ‘तब्येतीच्या कारणाने काही दिवस रजा हवी आहे, सविस्तर नंतर सांगते’ असा मेल आला की येते. त्यात तारीख नसते, काम कोणाकडे हे नसतं आणि परत कधी कळवणार तेही नसतं. मॅनेजरला वरच्या माणसाला उत्तर द्यायचं असतं, हातात काही नसतं, म्हणून तो खोदून विचारतो. आपल्याला वाटतं की तो आजाराबद्दल विचारतोय. प्रत्यक्षात तो तारखा शोधत असतो.

आधी अपेंडिक्सचा विचार संपवू. नैतिकता बाजूला ठेवली तरी हा पर्याय व्यवहारात टिकत नाही. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, गुंतागुंत नसेल, तर माणूस साधारण एक-दोन आठवड्यांत टेबलावरच्या कामाला परततो. हे अनेकांनी घरात पाहिलेलं असतं. म्हणजे जी शंका टाळायची होती तीच तुम्ही स्वतः निर्माण कराल. शिवाय तुमचं प्रमाणपत्र स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सहीचं असेल आणि कंपनीच्या समूह विम्याच्या कागदांवर खरं निदान असेल. मेल एक सांगतोय आणि कागद दुसरंच, हे एचआरच्या लक्षात आलं तर प्रश्न आजाराचा राहत नाही. रजेसाठी खोटी माहिती देणं अनेक कंपन्यांच्या आचारनियमांत गैरवर्तनात मोडतं. न सांगणं हा तुमचा हक्क आहे, खोटं सांगणं ही तुमची अडचण ठरते. या दोन्हींत फरक आहे, आणि तुम्हाला खोटं बोलायची गरजच नाही.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे. ‘सगळे रिपोर्ट’ म्हणजे आत्ताचे तपासण्यांचे कागद आणि शस्त्रक्रियेनंतर बहुधा डिस्चार्ज कार्ड. ते हातात आलं की एकदा बारकाईने वाचून बघा. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डावर निदान तर असतंच. त्याबरोबर किती गर्भारपणं, किती बाळंतपणं, किती गर्भपात हे इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांच्या एका ओळीत असतं. पाळीचा इतिहास असतो. बीपी, शुगर, थायरॉईड, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या असतात. तंबाखू-दारूच्या सवयींची नोंद असते. शस्त्रक्रियेआधी होणाऱ्या एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांचे निकालही बहुतेकदा असतात. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार कोर्टाचा आदेश असल्याशिवाय कुणालाही आपली स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. कायद्याने इतकी जपलेली माहिती आपण कुणी न मागता मेलला जोडून पाठवतो. हा मेल पुढे तिघांना गेला की तुमच्या बाविसाव्या वर्षीची एखादी नोंदसुद्धा कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि ती परत घेता येत नाही.

तपशिलाचा आणखी एक तोटा आहे आणि तो कमी लोकांच्या लक्षात येतो. निदान सांगितलं की त्यावर चर्चा सुरू होते. ‘माझ्या वहिनीचं हेच झालं, ती तर पंधरा दिवसांत स्कूटर चालवत होती.’ इथे तुम्ही कात्रीत सापडता: आता तुमच्या शरीराबद्दल, तुमच्या गाठींच्या आकाराबद्दल, रक्तस्रावाबद्दल आणखी सांगून पाच आठवडे योग्य कसे ते पटवायचं. एक तपशील दिला की त्याच्या समर्थनाला दुसरा द्यावा लागतो. ‘डॉक्टरांनी पाच आठवडे सांगितले आहेत’ या वाक्यावर मात्र ऑफिसात कुणाला वाद घालता येत नाही, कारण तो निर्णय तुमचाही नाही आणि त्यांचाही नाही.

मग किती सांगायचं? सांगण्याच्या पायऱ्या साधारण चार असतात. पहिली, नुसतं ‘वैद्यकीय कारणाने’. दुसरी, उपचाराचा प्रकार: शस्त्रक्रिया, रुग्णालयात दाखल होणं, चालू उपचार. तिसरी, शरीराचा भाग किंवा डॉक्टरांचं क्षेत्र. चौथी, निदान. एक-दोन दिवसांच्या तापासाठी पहिली पायरी पुरते. तुमच्यासारख्या पाच आठवड्यांच्या रजेला दुसरी पायरी नेमकी बसते. ‘पूर्वनियोजित शस्त्रक्रिया’ या शब्दांतून कालावधी का मोठा आहे, तारीख का पक्की आहे आणि ती सहजासहजी का हलणार नाही, हे सगळं कळतं. तिसरी पायरी मी मेलमध्ये टाळायला सांगेन. ‘थोडा लेडीज प्रॉब्लेम आहे’ असं लिहिलं की वाचणारा थांबत नाही, अंदाज बांधू लागतो: गर्भपात आहे का, आयव्हीएफ आहे का, कॅन्सर तर नाही? अर्धवट तपशिलाने जितक्या अफवा उठतात तितक्या तपशील मुळीच नसताना उठत नाहीत. सांगायचंच असेल तर चौथी पायरी बरी, तीही तोंडी.

तुमचा हात नेमका कशामुळे थांबतो, हे स्वतःला एकदा विचारा. मॅनेजर तरुण पुरुष आहे म्हणून संकोच वाटतो, की मेल पुढे जाणार म्हणून? पहिलं कारण असेल आणि तुम्हाला मनातून त्याला सांगावंसं वाटत असेल, तर समोरासमोर एका वाक्यात सांगता येतं. ‘गर्भाशयाचं ऑपरेशन आहे, हे फक्त तुझ्यापुरतं ठेव.’ यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि समजूतदार माणूस असेल तर त्याला कळल्याने तुमचं संरक्षणही होतं: दुसऱ्या आठवड्यात कुणी ‘एक छोटा कॉल’ म्हणालं तर तो मधे पडेल. पण दुसरं कारण असेल, तर तोंडी काय सांगायचं हा प्रश्न वेगळा ठेवा. तुम्ही त्याला सगळं सांगा किंवा काहीच सांगू नका, मेलमधला मजकूर दोन्ही वेळा सारखाच राहायला हवा. बोललेलं त्या माणसापाशी राहतं. लिहिलेलं त्याची बदली झाल्यावर पुढच्या मॅनेजरलाही वाचायला मिळतं.

आता प्रत्यक्ष मेल. समजा, शस्त्रक्रिया मंगळवारी ९ जूनला आहे. सोमवारी ८ जूनपासून रजा धरली तर शुक्रवार १० जुलैपर्यंत पाच आठवडे, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने २५ कामाचे दिवस होतात. तुम्ही मेल इंग्रजीत पाठवणार असाल तरी मजकुराचा क्रम हाच ठेवा:

> विषय: रजा, ८ जून ते १० जुलै
>
> नमस्कार,
>
> ९ जूनला माझी पूर्वनियोजित शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी पाच आठवडे विश्रांती सांगितली आहे, त्यामुळे ८ जून ते १० जुलै या काळात मी वैद्यकीय रजेवर असेन. आत्ताच्या अंदाजानुसार १३ जुलैला रुजू होईन. २९ जूनच्या तपासणीनंतर ही तारीख कायम आहे की बदलते, ते त्याच दिवशी कळवेन.
>
> रजेच्या काळात मी फोन किंवा मेलवर उपलब्ध नसेन. रोजचं काम आणि क्लायंट कॉल आपण ठरवल्याप्रमाणे टीममधले सहकारी पाहतील. लेखी हँडओव्हर २ जूनला देते, म्हणजे शंका विचारायला तीन दिवस राहतील.
>
> वैद्यकीय प्रमाणपत्र थेट एचआरकडे जमा करत आहे. परतल्यावर सुरुवातीला वजन उचलणं आणि लांबचा प्रवास टाळावा लागेल. त्याबद्दल २९ जूनला सविस्तर लिहीन.
>
> टीमला आणि क्लायंटला फक्त ‘वैद्यकीय रजेवर’ एवढंच सांगावं, ही विनंती.

या मेलमध्ये एकही खोटं वाक्य नाही आणि एकही अवयव नाही. त्यातल्या काही जागा मुद्दाम तशा आहेत. ‘आत्ताच्या अंदाजानुसार’ हे शब्द गाळू नका. काढलेलं गर्भाशय तपासणीसाठी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातं आणि तो रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. बहुतेक वेळा त्यात काही निघत नाही, पण टाक्यांना संसर्ग होणं, हिमोग्लोबिन हळू वाढणं यानेही तारीख आठ-दहा दिवस पुढे जाऊ शकते. म्हणूनच ‘छोटंसं ऑपरेशन आहे’, ‘काही गंभीर नाही’ असं लिहू नका. समोरच्याला धीर द्यायला आपण ते लिहितो आणि मग तिसऱ्या दिवशी ‘आता बरं असेल ना, जरा ही फाइल बघता का’ असा मेसेज येतो. रजा वाढवायची वेळ आली तर तेच वाक्य आपल्याविरुद्ध उभं राहतं.

२९ जूनची तारीख मॅनेजरसाठी आहे. पाच आठवडे काहीच कळणार नाही असं वाटलं की माणूस अस्वस्थ होतो. तीन आठवड्यांनी नक्की कळेल हे माहीत असलं की मधे विचारत नाही. शेवटची विनंतीही वगळू नका. चांगला मॅनेजर बऱ्याचदा मायेपोटीच टीमला सांगून टाकतो, ‘तिचं ऑपरेशन आहे, सगळ्यांनी मिळून फुलं पाठवू या.’ काय सांगायचं ते तुम्हीच शब्दांत दिलं की त्याला विचार करावा लागत नाही.

मेल नीट लिहूनही माहिती बाहेर जाते ती आजूबाजूच्या जागांतून. विषयाच्या ओळीत कारण लिहू नका. मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना वरच्या कोपऱ्यात आलेली सूचना सगळे वाचतात. रजेच्या पोर्टलवर ‘कारण’ असा रकाना असतो. काही कंपन्यांत तो मजकूर रजा मंजूर करणाऱ्या प्रत्येकाला आणि कधी टीमच्या कॅलेंडरवरही दिसतो, म्हणून तिथे ‘वैद्यकीय’ एवढाच शब्द टाका. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या ऑफिसच्या कॅलेंडरवर नोंदवल्या असतील तर त्या नोंदी खाजगी करा, डॉक्टरांचं नाव काढून टाका. स्कॅन केलेल्या फाइलचं नाव बघा. मोबाईलमधून पाठवताना फाइलला शस्त्रक्रियेचंच नाव राहून गेलेलं असतं, आणि फाइल न उघडताही ते दिसतं. बाहेरच्यांना जाणाऱ्या आपोआप उत्तरात तर ‘वैद्यकीय’ हा शब्दही नको. ‘१० जुलैपर्यंत उपलब्ध नाही, तातडीच्या कामासाठी अमुक यांना लिहा’ पुरे.

प्रमाणपत्राबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरा तपशील तिथेच अडतो. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांना रजेच्या प्रमाणपत्राचा एक नमुना जोडलेला आहे. त्यात रुग्णाची सही, डॉक्टरांनी स्वतः तपासल्याचा उल्लेख, किती दिवस आणि कोणत्या तारखेपासून कामावर न जाणं आवश्यक आहे, हे येतं. आणि ‘या आजाराने त्रस्त आहेत’ अशी एक मोकळी जागाही असते. ती कशी भरायची हे डॉक्टरांशी आधीच बोला. सरळ विचारा: ‘डॉक्टर, हे ऑफिसला द्यायचं आहे. आजाराच्या जागी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची विश्रांती असं लिहाल का?’ ते खरंच आहे, त्यामुळे बहुतेक डॉक्टरांची हरकत नसते. पण हे प्रमाणपत्र लिहायला घेण्याआधी सांगावं लागतं. सही-शिक्का झाल्यावर बदलून मागितलं तर त्यांना ते अवघड जातं, कारण दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद त्यांना ठेवावी लागते. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तारखा तुमच्या मेलमधल्या तारखांशी जुळतात ना, हे तिथेच तपासा. एचआर प्रमाणपत्र परत पाठवतं ते बहुधा याच दोन गोष्टींसाठी, निदान लिहिलं नाही म्हणून नव्हे.

राहिला लेटरहेडचा प्रश्न. डॉक्टरांच्या स्वतःच्या क्लिनिकच्या कागदावर वर ‘स्त्रीरोग व प्रसूती’ छापलेलं असतं. शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात असेल तर प्रमाणपत्र रुग्णालयाच्या कागदावर मागा. तरी डॉक्टरांच्या पदवीवरून कळायचं त्याला कळतंच. म्हणून प्रमाणपत्र मॅनेजरच्या मेलला न जोडता एचआरला वेगळं पाठवायचं. तो मेल दोन ओळींचा असावा: सोबत प्रमाणपत्र आहे, ते रजेच्या नोंदीपुरतं ठेवावं आणि मॅनेजरला फक्त तारखा कळवाव्यात.

त्याआधी कंपनीचं रजेचं धोरण एकदा उघडून वाचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा आहे, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. ती तुमच्या कंपनीच्या धोरणातून येते. म्हणून कागद कोणता लागेल हेही धोरणच सांगतं. शब्द नीट बघा: ‘वैद्यकीय प्रमाणपत्र’ मागितलंय की ‘उपचाराची कागदपत्रं’? शनिवार-रविवार रजेत धरतात का, हेही तिथेच कळेल. धरत असतील तर २५ चे ३३ दिवस होतात. सिक लीव्ह कमी पडून उरलेले दिवस अर्जित रजेतून घ्यावे लागले, तर त्या दिवसांसाठी सहसा वैद्यकीय कारण द्यावंच लागत नाही. पण केवळ निदान लपवायला सगळीच रजा अर्जित रजेतून घेऊ नका. ती रजा पुढे उपयोगी पडते, शिवाय आजारपणाची रजा ‘काम आलंय, पुढे ढकला’ म्हणून सहसा कुणी हलवत नाही, अर्जित रजा हलवतात.

विम्याचे कागद ही तिसरी, पूर्ण वेगळी वाट. कॅशलेसचा अर्ज रुग्णालयातल्या विमा डेस्ककडून टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, आणि विमा कंपनीकडे जातो. त्यात निदान, रिपोर्ट, सगळं द्यावंच लागतं आणि लपवलं तर दावा अडकतो. त्या पत्रव्यवहारात मॅनेजरचं काही काम नाही. फक्त एक तपासा: काही कंपन्यांत विम्याची मदत करणारा मेल आयडी एचआरमधली तीच माणसं बघतात. तसं असेल तर टीपीएच्या अॅपवरून किंवा रुग्णालयातून थेट अर्ज करा, आणि त्या मेलमध्ये स्वतःचा खाजगी पत्ता वापरा.

एवढं करूनही मॅनेजर विचारेलच, ‘सगळं ठीक ना? काय झालंय?’ बहुतेक वेळा यात काळजीच असते, चौकशी नसते. उत्तर आधीच ठरवून ठेवा, नाहीतर गडबडीत जास्त बोललं जातं. ‘विचारल्याबद्दल थँक्स. उपचार व्यवस्थित ठरलेत. बाकी घरापुरतं ठेवतेय. तू तेवढा हँडओव्हर बघून घे ना, क्लायंटच्या भागात काही राहिलंय का.’ शेवटच्या वाक्याने बोलणं परत कामावर येतं आणि त्यालाही मोकळं वाटतं. पुन्हा विचारलं तर ‘सर्टिफिकेट एचआरकडे दिलंय, त्यांना काही लागलं तर ते मला विचारतील’ एवढंच, त्याच सुरात. एचआरने खरंच आणखी कागद मागितले तर चिडू नका. लेखी विचारा की धोरणातल्या कोणत्या कलमासाठी हवेत, कोण वाचणार आणि कुठे ठेवणार. कंपन्यांकडच्या माहितीबाबतच्या २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्य आणि वैद्यकीय नोंदी यांना संवेदनशील माहिती मानलं आहे, त्यामुळे हे विचारणं उद्धटपणाचं नाही. कंपनीला खातरजमा करायचीच असेल तर कंपनीच्या डॉक्टरांनी तुमच्या डॉक्टरांशी बोलावं, तुमच्या संमतीने, असं सुचवा. डॉक्टरांनाही रुग्णाची गुपितं उघड न करण्याचं बंधन आहे; एचआरने परस्पर फोन केला म्हणून ते तुमचा इतिहास सांगू शकत नाहीत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. काही वेळा तपशील देणंच योग्य असतं. गर्भपात झाला असेल तर कायद्याने सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि गर्भारपण किंवा गर्भपातातून पुढे आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत. ती मिळवायला पुरावा द्यावा लागतो, म्हणून एचआरला नेमकं कारण सांगा. न सांगितल्याने अनेक जणी स्वतःची साठवलेली रजा खर्च करून बसतात. मॅनेजरला तेव्हाही ‘वैद्यकीय रजा’च कळावी. ज्यांचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, मर्यादेत आहे, त्यांना आजारपणाचा भत्ता ईएसआयच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मिळतो. तिथे निदान त्या यंत्रणेकडे जातं, मालकाला सविस्तर सांगायची गरज नसते. संसर्गजन्य आजारात इतरांच्या आरोग्याचा प्रश्न येतो. कँटीनमध्ये काम करणाऱ्याला टायफॉइड किंवा कावीळ झाली, किंवा शेजारी गरोदर सहकारी बसते आणि आपल्याला कांजिण्या आल्या, तर आजाराचं नाव त्याच दिवशी सांगायला हवं. चालक, क्रेनवर काम करणारे यांना फिट येत असेल किंवा झोप आणणारी गोळी सुरू झाली असेल तर तेही कंपनीच्या डॉक्टरांना सांगणं भाग आहे.

मानसोपचार घेणाऱ्यांची पत्रंही याच धर्तीची येतात. त्यांनी ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू आहेत, तीन आठवडे रजा’ असं लिहावं. शस्त्रक्रियेचा बहाणा नको. इथे लेटरहेड जास्त बोलतं, म्हणून प्रमाणपत्र मोठ्या रुग्णालयाच्या कागदावर मिळालं तर बरं. आणि रजेऐवजी काही महिने कामाच्या वेळा बदलून हव्या असतील तर निदान न सांगता गरज सांगता येते: ‘सकाळच्या औषधामुळे ११ च्या आधी कॉल घेता येणार नाहीत.’

तुमच्याही परतण्याच्या मेलमध्ये हीच पद्धत वापरा. काय झालं होतं यापेक्षा काय करता येणार नाही, ते लिहा. २९ जूनला डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून घ्या: सलग किती वेळ बसायचं, किती किलोपर्यंत उचलायचं, दुचाकी आणि बसचा प्रवास कधीपासून. उत्तरं फिटनेस सर्टिफिकेटवर लिहून मागा, कारण नुसतं ‘कामास योग्य’ लिहिलं तर पहिल्याच दिवसापासून पूर्ण अपेक्षा सुरू होतात. मग मॅनेजरला लिहा: ‘१३ जुलैला रुजू होतेय. पहिले दोन आठवडे घरून काम करेन, दर तासाला दहा मिनिटं उठावं लागेल, लॅपटॉपची बॅग घेऊन प्रवास करायचा नाही.’ हा मेल २९ जूनलाच पाठवा, रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नको. तोपर्यंत जुलैचं रोस्टर लागलेलं असतं आणि मग तुमच्या एकटीसाठी ते बदलायला सांगावं लागतं, त्यातून पुन्हा ‘का?’ हा प्रश्न येतो.